जोबेदाचा पंखा

गाझीपूरला आमची खोल्यांची ओळ होती, स्लॅबच्या छताची. शेजारच्या खोलीत जोबेदा आणि तिचा नवरा लुत्फर राहायचे. जोबेदा कपड्यांच्या कारखान्यात बाह्या जोडायची. हसणं कमी, बोलणं त्याहून कमी. लुत्फर कधी टेम्पो चालवायचा, बहुतेक वेळा घरी पडून असायचा. तिचं शिलाई मशीन त्यानं तिला न विचारता विकलं, तेव्हा ती आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही. त्यानं पहिल्यांदा हात उचलला, तेव्हा मात्र ती बोलली. म्हणाली, "आता मी इथं राहत नाही."

तलाक झाला. शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी ती सामान न्यायला आली. भांडी, रजई, कपडे असं सगळं भराभर बाहेर आलं. मग ती टेबल ओढत खोलीच्या मध्यावर आली आणि वर बघायला लागली.

"पंख्याला हात लावायचा नाही," लुत्फर दारातून म्हणाला.

"माझ्या पगाराचा आहे."

"हूक माझ्या खोलीतला आहे."

"हूक ठेव तुझ्याकडे. त्यालाच लटकत बस."

मी माझ्या दारात भाजी निवडत होते, ती तशीच टाकून त्यांच्या खोलीत गेले. जोबेदानं आधी बटण बंद केलं. मग व्हरांड्यातल्या मीटरजवळ जाऊन त्या खोलीचा फ्यूज उपटून काढला आणि ओढणीच्या टोकात बांधला. तिचा बाप मयमनसिंहला पंखे दुरुस्त करायचा, ते बघत ती मोठी झाली होती. परत येऊन तिनं टेबल हलवून बघितलं आणि वर चढली.

आधी तीन पाती. एकेकाचे स्क्रू सोडून तिनं ती माझ्या हातात दिली. मग हुकाला झाकणारी वाटी. तिचा स्क्रू सैल केल्याबरोबर ती दांडीवरून घसरत खाली आली. वर धूळ, कोळ्याचं जाळं आणि दोन वायरी. टेस्टर लावायला तिनं हात वर केला, तेवढ्यात लुत्फर बाहेर गेला. मीटरच्या पेटीचं झाकण आपटल्याचा आवाज आला.

"फ्यूज कुठंय?" तो बाहेरूनच ओरडला.

"माझ्याकडे."

"मला दाढी करायचीय. दिवा लागतो."

"भर दुपारी?"

तो आत आला. चेहरा लाल झाला होता. मला त्याच्याकडे बघवेना. त्याला खरंच दाढी करायची होती की काय करायचं होतं, ते मी अजून मनात नीट मांडलेलं नाही. जोबेदानं मात्र वळूनसुद्धा बघितलं नाही. टेस्टरचा दिवा लागला नाही. तिनं वायरी सोडवल्या, छतातून आलेल्या दोन्हींची टोकं वेगवेगळी चिकटपट्टीनं गुंडाळली.

उरला बोल्ट. दांडीच्या वरच्या टोकाला लोखंडी कडी, हुकावर रबराचं रीळ आणि त्या दोघांतून आडवा गेलेला बोल्ट. त्याची पिन तिनं पकडीनं सरळ करून ओढली, पान्यानं नट काढला. बोल्ट मात्र हलेना. पंख्याचं सगळं वजन त्याच्यावर होतं.

"राहेला आपा, खालून उचला. थोडंसंच."

मी दुसऱ्या बाजूनं स्टूल लावून चढले. तेवढ्यात लुत्फरनं टेबलाचा पाय धरला.

"खाली उतर, नाहीतर ओढतो."

"ओढ," जोबेदा म्हणाली. "पंखा तुझ्याच डोक्यात येईल. तू बरोबर खाली उभा आहेस."

त्यानं वर बघितलं. दोन पावलं मागं झाला, आणि मग त्याच्या तोंडून अशा शिव्या आल्या की ओळीतल्या सगळ्या बायका दारात आल्या. कुणीतरी म्हणालं, "काय रे, बायको गेली तर गेली, आता पंख्याचाही तलाक अडवतोस?" हशा पिकला. त्यानं टेबलाकडे परत हात नेला नाही.

मी मोटर दोन्ही तळव्यांवर उचलली. बोल्ट सुटून जोबेदाच्या मुठीत आला. रीळ निघालं, कडी हुकावरून सरकली, आणि दांडीसकट पंखा माझ्या हातांवर आला. एवढा जड असेल असं वाटलं नव्हतं. जोबेदानं दांडी धरून तो हळूच टेबलावर टेकवला आणि बोल्ट, नट, पिन परत जागेवर बसवून ठेवली, म्हणजे हरवायला नको.

जाताना तिनं ओढणीची गाठ सोडून फ्यूज त्याच्यापुढं टाकला. "घे. कर दाढी."

"मरशील एकटी," तो म्हणाला.

तिनं पंखा बाहेर थांबलेल्या सामानाच्या सायकल-व्हॅनमध्ये आपल्या रजईवर निजवला आणि स्वतः शेजारी बसली.

टोंगीला तिनं दुसऱ्या बाईबरोबर खोली घेतली. मी एकदा गेले होते. तिनं भात आणि सुक्या मासळीचं भरीत वाढलं. लुत्फरचं नाव मी काढलं, तर ताट माझ्याकडे सरकवत म्हणाली, "जेवायचं असेल तर जेवा, आपा." मी जेवले.