आठव्या महिन्यात काय?

आधी वॉचमन काकांचं सांगते, कारण ते नसते तर पुढचं काही घडलंच नसतं. शिर्डीत मी ज्या हॉटेलात खोल्या आवरायचे, त्या हॉटेलच्या गेटवर ते बसायचे. मूळचे काष्टीकडचे. येणाऱ्या गाड्यांचे नंबर वहीत लिहायचे आणि गाडी मागे घेताना दोन्ही हात हलवून ड्रायव्हरला ओरडायचे. हॉटेलातल्या माणसांशी फार बोलत नसत. माझ्याशी बोलायचे, कारण मी जामखेडकडची, दोन गाड्या बदलून आलेली, आणि पहिल्या दिवशी पत्ता लिहिलेला कागद हातात घेऊन त्यांच्यासमोरच रडले होते.

आमच्या हॉटेलचा मालक बदलला आणि खोल्यांचं काम बाहेरच्या एजन्सीला द्यायचं ठरलं. आम्हा सातजणींना सांगितलं, महिनाअखेरपर्यंत दुसरीकडे बघा. माझं शिक्षण आठवी. नववीच्या वर्षी आई-वडील ऊसतोडीला गेले तेव्हा धाकट्या भावाला सांभाळायला मी सोबत गेले, ती शाळा तिथंच सुटली. आठवी शिकलेल्या मुलीला कोण काम देणार, या विचारानं मला त्या आठवड्यात जेवण गेलं नाही. आणि मग एक नाही, दोन कामं चालून आली.

पहिलं सुप्याच्या एमआयडीसीतलं. नगरला राहणाऱ्या मावसबहिणीनं ठेकेदाराला माझं नाव सांगितलं होतं. पॅकिंगचं काम, पगार इथल्यापेक्षा बराच जास्त, कंपनीची बस, कँटीनमध्ये जेवण, पीएफ, दवाखान्याचं कार्ड. दुसरं इथलंच, शिर्डीत. हायवेच्या मागच्या गल्लीत एक लॉन्ड्री आहे, आठ-दहा हॉटेलांच्या चादरी, टॉवेल धुणारी. तिथल्या मालकीणबाईंना माणूस हवं होतं. पगार सुप्यापेक्षा साडेतीन हजारांनी कमी.

माझं ठरलंच होतं. मी नाचतच गेटवर गेले आणि काकांना सांगितलं, "काका, सुप्याला चालले. सोमवारी हजर व्हायचंय."

काकांनी वही मिटली. "काम परमनंट हाय का ठेक्यावर?"

"ठेक्यावर. पण सात महिने पक्कं!"

"आन् आठव्या महिन्यात काय?"

मला प्रश्नच कळला नाही. "आठव्या महिन्यात गावाला जायचं."

काका हसायला लागले, इतके की खुर्ची करकरली. "अगं पोरी, सात महिन्यांत सातमाशी लेकरू हुतं, नोकरी न्हाई!"

मला राग आला, पण चूक त्यांची नव्हती. आमच्या घरात काम म्हणजे हंगाम. दिवाळीनंतर निघायचं, पाडव्याच्या आसपास कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप बंद झालं, की परत यायचं. काम संपतं हे आम्हाला उजाडतं-मावळतं तसं वाटायचं. सात महिने म्हणजे तर हंगामापेक्षाही लांब! आईला फोन केला तेव्हा तीही खूष झाली होती. "सात महिने? लई बरं झालं. मंग सुट्टीला घरी येशील, लाडू करते." आम्हा दोघींच्याही मनात आलं नव्हतं, की काम न संपणारंही असू शकतं.

काकांनी समजावलं. ठेक्यावरच्या माणसाला पुष्कळ ठिकाणी सात महिने झाले की ब्रेक देतात. महिना-दोन महिने घरी बसायचं, मग ठेकेदारानं बोलावलं तर पुन्हा यायचं, नव्यानं. सलग दिवस भरू द्यायचे नाहीत, म्हणजे कुणी कायम करा म्हणायला नको. "मी कंपनीत नऊ वर्षं असं केलं," ते म्हणाले. "मशीन माझ्या हातातलं. नवीन इंजिनियर आला की मला इचारायचा. पण कागदावर मी सदाचा नवा. शेवटच्या ब्रेकला बोलावलंच न्हाई. आता बसलोय गाड्यांचं नंबर लिहीत."

"मग सुप्याला जाऊ नको म्हणता?"

"मी कुठं म्हनलो? समद्याच कंपन्या तशा नसत्यात. जा. पन आधी बघून ये. सुट्टीच्या दिवशी जा, आन् कामावर जायचंय तशा टायमाला जा. दुपारी जाऊन रस्ता कळत न्हाई. गेटवर चहा पी, बायकांना इचार, किती दिस झाले म्हणून. पगार सांगत्यात तो खराच असतो गं. न सांगितलेलं इचारायचं असतं."

मी गेले. आदल्या संध्याकाळी एसटीनं नगर गाठलं, मावसबहिणीकडे झोपले. पहाटे पाचला उठून तिच्या खोलीपासून बसच्या थांब्यापर्यंत चालत निघाले. पस्तीस मिनिटं लागली, त्यातली दहा अंधारात, कुत्र्यांच्या मधून. कंपनीची बस सहाला आली. पास नव्हता म्हणून ती मला घेईना, तेव्हा मागून एसटीनं सुपा आणि तिथून टमटम. थांब्यापासून गेटपर्यंत तासाच्या वर गेला. म्हणजे जाऊन-येऊन दिवसाचे तीन तास तरी रस्त्यातच. पगाराच्या आकड्यात हे तीन तास कुठंच दिसत नव्हते.

गेटबाहेरच्या टपरीवर पहिल्या पाळीच्या बायका चहा घेत होत्या. स्वच्छ निळे कोट, हसतमुख. मला त्यांचा हेवाच वाटला. एकीनं जागा करून दिली. "नवीन का गं?"

"व्हायचंय. तुम्हाला किती दिवस झाले?"

"मला? चौथ्यांदा नवीन लागले." सगळ्या खिदळल्या.

दुसरी म्हणाली, "काम चांगलंय बाई. शिव्या नाहीत, पगार टायमावर. मला तर ब्रेक पाहिजेच असतो. माहेरी जाते, कांदा काढते, परत येते."

"आणि काम काय शिकवतात?" हा प्रश्न काकांनी मुद्दाम सांगितला होता.

चौथ्यांदा नवीन लागलेलीनं हातातला कप खाली ठेवला. "खोक्यात आठ नग घालायचे, टेप लावायची. पहिल्या दिवशी अकरापर्यंत शिकून झालं." मग भोंगा झाला आणि त्या पळाल्या. जाताना ती मागे वळून ओरडली, "तरी ये गं! डबा आणू नको, कँटीनला भाजी चांगली असते!"

परतीच्या एसटीत मी तिकिटाच्या मागच्या बाजूला हिशेब मांडत बसले. ती माणसं वाईट असती तर सोपं गेलं असतं. भाऊ अकरावीला, त्याचं भाडं, डबा, सगळं माझ्याकडून जायचं. साडेतीन हजार म्हणजे त्याचा महिना. एकीकडे तो, आणि दुसरीकडे अकरा वाजेपर्यंत शिकून संपणारं काम, सात महिन्यांनी तोंडावर येणारा रिकामा महिना. त्या रिकाम्या महिन्याचा पगार सातांत वाटून पाहिला तेव्हा साडेतीन हजारांतले बरेचसे तिथंच विरघळले. उरले ते नगरच्या खोलीच्या भाड्यात जाणार. हा हिशेब मी कधीच केला नसता, कारण आमच्याकडे रिकामे महिने धरतच नाहीत.

दुसऱ्या दिवशी लॉन्ड्रीत गेले. चालत पंधरा मिनिटं. मालकीणबाई फोनवर होत्या, म्हणून मशीनवरच्या ताईंनी मला आत नेलं. त्या सातवी शिकलेल्या, कोपरगावकडच्या, आधी घड्या घालायला लागलेल्या. आता चारही मशीन त्याच बघायच्या. समोर चादरींचा डोंगर. मी हात घालणार तोच त्या ओरडल्या, "थांब! सगळं एकत्र टाकलंस तर मेलीस. ही हळद. साबण लागला की लाल होते, घाबरायचं नाही, पण वेगळी काढायची. हे रक्त. याला गरम पाणी दाखवायचं नाही, डाग कायमचा बसतो. आधी गार. आणि हे कुंकू, शिर्डीतलं सगळ्यात मोठं दुखणं!"

मी अर्धा तास डाग निवडत बसले आणि वेळ कसा गेला कळलं नाही. शाळा सुटल्यापासून मला कुणी 'का' सांगितलं नव्हतं. सगळे 'कर' सांगायचे.

मालकीणबाई आल्या. काकांनी वहीच्या मागच्या पानावर लिहून दिलेले प्रश्न मी काढले. "नेमणुकीचं पत्र मिळेल का? पीएफ कधीपासून? मशीन चालवायला शिकवाल का?"

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "आठवी ना तू? पत्र वाचता येईल?"

"येतं वाचता," मी म्हटलं. "म्हणूनच मागतेय."

ताई मशीनमागे फिसकन हसल्या. बाई म्हणाल्या, "पीएफ पहिल्या महिन्यापासून. वीसच्या वर माणसं आहेत माझ्याकडे, भरावाच लागतो. मशीन ही ताई शिकवेल. पत्राचं मात्र, तीन महिने काम बघेन, मग देईन. आजवर कुणी मागितलं नव्हतं."

म्हणजे हातात कागद नव्हताच, नुसता शब्द होता. मी गेटवर येऊन काकांना सगळं सांगितलं आणि विचारलं, "आता तुम्हीच सांगा, कुठं जाऊ?"

"मी न्हाई सांगनार. माझं चुकलं तर तू जन्मभर शिव्या देशील." मग वही उघडत म्हणाले, "तिथं तुझ्या आधी लागलेली बाई आज कुठं हाय, त्ये बघितलंस ना दोन्हीकडं? तेवढंच बघायचं असतं."

एक चौथ्यांदा नवीन. दुसरी चार मशीन बघणारी.

रविवारी मी ठेकेदाराला फोन करून नाही म्हटलं. मग आईला सांगितलं. "मंग घरी कवा येशील?" मी म्हटलं, "रजा टाकून येईन." रजा हा शब्द मी घरात पहिल्यांदा उच्चारला. भावाला सांगायला मात्र धीर करावा लागला. त्यानं शांतपणे सांगितलं, की तो सकाळी पेपर टाकेल, मी काळजी करू नये. मी काळजी केलीच.

तीन महिने मी रोज घाबरत गेले. चौथ्या महिन्यात बाईंनी टेबलावरून एक कागद सरकवला. मी तो तिथंच उभ्यानं शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. बाई म्हणाल्या, "बघा, खरंच वाचते!" नंतर त्यांनी बाकीच्यांनाही पत्रं दिली. आता दोन मशीन माझ्याकडे आहेत आणि डाग निवडायला नवी मुलगी आली की तिला मी सांगते, आधी गार पाणी, आणि का ते.

तो कागद मी त्याच संध्याकाळी काकांना दाखवला होता. त्यांनी चष्मा पुसून तो दोनदा वाचला, त्याच घडीवर दुमडून परत दिला. "असा असतो व्हय," एवढंच म्हणाले.

त्यांच्या हॉटेलच्या चादरी आता आमच्याकडेच धुवायला येतात. काका तिथं इतकी वर्षं आहेत, पण जिना चढून वरची एकही खोली त्यांनी पाहिलेली नाही. मी ठरवलंय. एक दिवस काका-काकूंना त्याच हॉटेलात पाहुणे म्हणून ठेवीन. वरच्या मजल्यावरची खोली, मी धुतलेली पांढरी चादर. आणि त्या दिवशी गेटवर दुसरा कुणीतरी त्यांना घेऊन आलेल्या रिक्षाचा नंबर वहीत लिहील.