एक मशीन, तीन मालक

आमच्या कारखान्यात पंपांचे शाफ्ट बनतात. ग्राइंडिंग विभागाचा कारभार मिस्त्रींच्या हातात होता. त्यांना साहेबही मिस्त्रीच म्हणतात आणि शिपाईही. माणूस फटकळ, पण पोटात काही ठेवत नाही. शाफ्टवरून अंगठा फिरवून तो कुठे बिघडलाय ते सांगायचे, आणि त्याच अंगठ्याने नव्या पोरांना दारही दाखवायचे.

नव्या पोरांचं नाव काढलं की त्यांचं तोंड सुटायचं. "आजची पिढी म्हणजे तापलेल्या तव्यावरचे चणे! जरा आच लागली की उडाले." मी एचआरमध्ये असल्याने हे दोषारोप मलाच ऐकावे लागायचे, जणू पोरं मीच पळवून लावते.

एकदा मी विचारलं, "मिस्त्री, तुम्ही इथं यायच्या आधी कुठं होता?"

त्यांनी रंगून सांगितलं. एका वर्कशॉपात लेथ शिकले, मालक पगार वाढवेना म्हणून दुसरीकडे गेले. तिथे ग्राइंडिंग शिकले. तिथल्या मालकाचा मेहुणा फोरमन झाला, म्हणून तिसरीकडे. चौथं तर बंदच पडलं.

"मग तुम्हीही उडालातच की!"

"छे! मी शिकायला गेलो होतो."

इतकी वर्षं राजीनामे घेऊन मला एक गोष्ट कळली आहे. पंचविशीतला माणूस कुठल्याही काळातला असो, तो जागा बदलतोच. त्याला अजून आपला धंदा सापडायचा असतो, पगारही नव्या दारातच वाढतो. जुन्या माणसाला चार पैसे वाढवताना कंपनीच्या पोटात दुखतं, आणि बाहेरून आलेल्याला तीच कंपनी हसत जास्त देते. चाळिशीतल्या माणसाचा पाय घरात अडकलेला असतो. मी मागची नोकरी सोडली ती माझी शिफ्ट आणि मुलाची शाळा यांचा मेळ बसेना म्हणून, आणि आज ही सोडवत नाही तीही त्याच मुलापायी. पन्नाशीनंतर माणूस बहुधा आपण होऊन जात नाही, त्याला काढतात, किंवा गुडघे काढतात. मिस्त्री इथे टिकले त्याला निष्ठा म्हणायची तर म्हणा. मला ते एकदा हळूच म्हणाले होते, "या वयात मला घेणार कोण, बाई?"

पण हे आमच्या मोठ्या साहेबांना कोण सांगणार? त्यांनी भरतीसाठी नवी चाळणी बसवली. अर्जातून कॉम्प्युटर फक्त मालकांची नावं आणि तिथं काढलेला काळ उचलतो, उमेदवाराचं नाव झाकतो, आणि ज्याचे मालक फार त्याच्यासमोर लाल खूण करतो. नाव झाकलं म्हणजे न्याय झाला, असं साहेबांना मनापासून वाटायचं. लाल खुणेला ते 'जॉब हॉपर' म्हणायचे, तोंडात कडू औषध धरल्यासारखा चेहरा करून.

ग्राइंडिंगमध्ये एक कायमची जागा निघाली. निवडीला साहेब, मिस्त्री आणि मी बसलो. पहिल्याच लाल खुणेवर साहेब थांबले. "चार वर्षांत तीन मालक. मिस्त्री, काय म्हणता?"

"मुळीच नको," मिस्त्री म्हणाले. "शिकवून तयार करायचं आणि यानं पळायचं. असली माणसं मला नकोत."

साहेबांनी 'नाकारलं' वर बोट ठेवलं आणि आम्ही पुढे सरकलो.

दुसऱ्या दिवशी चष्मेवाली माझ्या टेबलाशी आली. जाड भिंगांचा चष्मा लावणारी, मिस्त्रींच्या मुख्य मशीनवरची पोरगी. विभागात तिला सगळे याच नावाने हाक मारायचे. ती कंत्राटी, म्हणजे ठेकेदाराची. ठेकेदाराची माणसं आमच्या खात्यातून येत नाहीत, त्यामुळे तिचं कागदावरचं नाव मला ठाऊक नव्हतं. मागे मिस्त्री उभे होते.

"मला का काढलं यादीतून?" ती म्हणाली. "मी तर इथंच आहे."

"तू किती नोकऱ्या बदलल्यास?" मी विचारलं.

"एकही नाही. कंपनी ठेकेदार बदलते. जुना जातो, नवा येतो. माझं ओळखपत्र बदलतं. मशीन तेच, मिस्त्रीकाका तेच."

मिस्त्रींचा चेहरा उतरला. आपण कुणाला 'असली माणसं' म्हणालो ते त्यांना आत्ता कळलं होतं. त्यांनीच तिला शिकवलं होतं, आणि तिच्याइतकं सरळ काम करणारं दुसरं कुणी त्यांच्या विभागात नव्हतं.

ते तडक साहेबांकडे गेले. मीही मागून गेले. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि दार लावून घेतलं.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "पण ती वर्षं आपली म्हणून धरली, तर उद्या ती म्हणेल, मी पहिल्या दिवसापासून तुमचीच कायम कामगार, मागचा फरक द्या. तिच्यामागे सगळे कंत्राटी उभे राहतील. ठेकेदार उगाच बदलत नाही आपण."

मला शिसारी आली. आपणच धक्का द्यायचा आणि आपणच म्हणायचं, बघा कसा उडी मारतोय! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. जिना उतरताना मिस्त्रींनी कठडा घट्ट धरला होता.

त्याच आठवड्यात त्यांनी दुसऱ्या कारखान्यातल्या आपल्या जुन्या सोबत्याला गाठून चष्मेवालीसाठी शब्द टाकला. तिथं तिची मुलाखत झाली, काम करून दाखवणं झालं, पगारही बरा ठरला. फक्त आमच्याकडून अनुभवाची खात्री हवी होती. ती मिळाली नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती.

तसा फोन येणार हे साहेबांच्या कानावर गेलंच. "सांगा, ती आमची कर्मचारी कधीच नव्हती," त्यांनी मला बजावलं, आणि खात्री करायला माझ्या टेबलाशेजारी उभे राहिले. मिस्त्री रजेचा अर्ज द्यायला आले होते, तेही थांबले.

फोन वाजला. पलीकडच्या बाईंनी तिचं नाव घेऊन विचारलं. माझ्या तोंडात ते वाक्य तयार होतं आणि बाहेर पडत नव्हतं. एवढ्यात मिस्त्रींनी माझ्या हातातून फोन घेतला.

"ग्राइंडिंगचा मिस्त्री बोलतोय. ती चार वर्षं माझ्या हाताखाली, याच कारखान्यात, एकाच मशीनवर आहे. एक दिवस कुठं गेली नाही. ठेकेदार गेले. डोळे मिटून घ्या तिला."

फोन ठेवल्यावर साहेब पांढरेफटक पडले. "तुम्ही काय कबूल केलंत, कळतंय का?"

"कळतंय की," मिस्त्री म्हणाले. "म्हणून तर मोठ्यानं बोललो."

चष्मेवालीला नोकरी मिळाली. मिस्त्रींना भंगाराच्या गोदामात बसवलं. तिथं ते दिवसभर गंजके तुकडे निवडतात. वयामुळे दुसरीकडे जाता येत नाही, हे साहेबांनाही ठाऊक होतं.

काही महिन्यांनी साहेबच दुसऱ्या कंपनीत गेले, ही त्यांची पाचवी. आम्ही सभागृहात केक कापला. 'नवी झेप' असं केकवर लिहिलं होतं. एका वक्त्याने त्यांच्या धडाडीचं कौतुक केलं, आणि सगळ्यांनी, मीसुद्धा, टाळ्या वाजवल्या. मग मी एक तुकडा कागदी बशीत घालून गोदामात मिस्त्रींना नेऊन दिला. त्यांनी बशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ती तशीच भंगाराच्या पेटीत उलटी केली.