आजीच्या ओटीतलं वजन

बाबांचा फोन आला तेव्हा मी म्हापशाहून पेडण्याला येणाऱ्या बसमध्ये होते. "आजी गेली गो," एवढंच म्हणाले. महिना होऊन गेला, पण त्या बसमध्ये चढले की अजून फोन हातातच धरून बसते. खरं तर सुरुवात चैत्रातच झाली होती.

माझा नर्सिंगला नंबर लागला म्हणून आजीने कार्तिकात देवळात स्वतःचा तुळाभार केला होता, तिच्या वजनाइतका गूळ देवाला. दुकानातून मोजून आणलेला पन्नास किलो गूळ सगळाच्या सगळा पारड्यात चढला, तेव्हा ती एका हाताने दोरी धरून लाजून हसत होती. चैत्रात सुट्टीला आले तर तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या, चोळीला पाठीमागे पिन होती. उंड्या पावाचा अर्धा तुकडा चहात बुडवून म्हणायची, "माका भूक नाय." बाबांना वाटायचं, उन्हाळाच तसा आहे.

धारगळला व्यापाऱ्याकडे काजू घालायला जायचं होतं. "आजये, आज तुझंही वजन करूया," मी सकाळीच म्हटलं. काजूच्या काट्यावर ती उभी राहिली : पंचेचाळीस. घटलेलं वजन आधीच्या वजनाने भागायचं, आताच्या नव्हे. पन्नासातले पाच गेले, म्हणजे दहा टक्के. ती काही उपास करत नव्हती. सहा महिने ते वर्षभरात न ठरवता पाच टक्क्यांहून जास्त वजन उतरलं तर कारण शोधायलाच हवं, हे आम्हाला शिकवलेलं. घरी येऊन मी बाबांना हिशेब सांगितला.

बाबा चिडले. "देवाच्या तराजूत गुळाचां पारडां खाली जाऊकच व्हया. दोन किलो जास्तच धर!"

त्यांचं खरं होतं. मग आधीचं वजन अठ्ठेचाळीस. तीन भागिले अठ्ठेचाळीस, गुणिले शंभर... सव्वासहा. तरीही पाचच्या वरच! आरोग्य केंद्रात डॉक्टर कधी असतात ते विचारायला बाबा मोटारसायकलची किल्ली शोधू लागले.

दोन दिवसांनी केंद्रातल्या काट्यावर आजी त्रेचाळीस भरली. दोन दिवसांत दोन किलो? काटा बिघडलाय, असं मी सिस्टरांना म्हणणार होते, तेवढ्यात आजी हळूच म्हणाली, "काटो बरो आसा. त्या दिसा ओटीत दोन किलोचां वजन बांधलेलंय. तू घाबरतलंस म्हणान."

घरच्या जुन्या तराजूचं लोखंडी वजन! म्हणजे बाबांच्या अठ्ठेचाळीसातलेही पाच गेले, दहा टक्क्यांच्या वर. आणि तिला हे सगळं आधीपासून ठाऊक होतं, याचीच मला जास्त भीती वाटली.

तपासण्यांत पोटातली गाठ निघाली. उशीर झाला होता. पावसाळाभर ती घरीच होती. शेवटच्या आठवड्यात चादर बदलायला मी तिला एकटीने उचललं. नको म्हटलं तरी डोक्यात भागाकार सुरू झाला आणि तो बहुतेक चेहऱ्यावर दिसला.

"किती भरलंय?" तिने विचारलं.

"पन्नास," मी म्हटलं.

तिने माझ्या गळ्याभोवतीचे हात घट्ट केले. "फटी मारतंस गो, खोटारडे," म्हणाली, आणि मी खाली ठेवेपर्यंत हसत राहिली.