भोंग्याला बदाम की नमस्कार

बोरसळ गावात कुणी गेलं, कुणाची म्हैस सुटली, कुणाकडं लग्नाचं मांडवडहाळं, की ते आधी भिमाजीला कळायचं आणि मग त्याच्या रिक्षावरच्या भोंग्यातून गावाला. जामखेडवरून खर्ड्याकडं निघालं की वाटेत हे गाव लागतं. तिथं पहाटे सहाला कोंबडा आरवला नाही तरी चालायचं, पण भिमाजी आरवायचाच. टेप-बिप काही नाही, स्वतः माईक धरून. "बोरसळकर, उठा!" एवढं म्हटलं की निम्मं गाव उठायचं आणि उरलेलं निम्मं शिव्या देत कूस बदलायचं.

गळा ही त्याची इस्टेट. आंबट खायचं नाही, माठातलं पाणी प्यायचं नाही, आणि घरी आल्यावर बोलायचं नाही! गालात ज्येष्ठमधाची काडी धरून बसायचा आणि खुणा करायचा. अंगठा वर केला की चहा टाक, जेवताना केला की ठीक आहे. हात जोडले की पुरे, आता वाढू नको. छातीवर हात ठेवला की पित्त झालंय. त्याची बायको मनकर्णा या खुणांवर वीस वर्षं संसार करत होती. शेजारणी म्हणायच्या, "नशीब काढलंस बाई, नवऱ्याची कटकट न्हाई." मनकर्णा लगेच विषय बदलायची.

लेक रोहिणी नगरला एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करते. तिनं बापाला व्हॉट्सॲपवर चॅनेल काढून दिलं, 'बोरसळ वार्ता'. भोंग्यावर जे सांगायचं तेच तिथं टाकायचं. लिंक पसरत पसरत सगळीकडं गेली. गावातली झालीच, वर चाकणला कंपनीत गेलेली पोरं, कोल्हापूरकडं ऊसतोडीला गेलेली बिऱ्हाडं, सगळी जोडली गेली. आता गावाकडच्या चॅनेलवर जास्त काय येणार? निधन, दशक्रिया, तेरावा. लोकांना सवयच लागली. भिमाजीची पोस्ट दिसली रे दिसली की न वाचता हात जोडलेलं चित्र दाबायचं आणि पुढं सरकायचं.

असं सगळं बरं चाललेलं असताना सरपंच सुरेखाताईंनी भिमाजीला ग्रामपंचायतीत बोलावलं.

"तात्या, भोंग्याच्या तक्रारी येत्यात. लोक म्हणत्यात, मोबाईलवर सगळं कळतंय, मग पहाटंपहाटं बोंब कशाला? शुक्रवारी ग्रामसभा हाय. तवर लोकांचं मत काय ते तुमीच घेऊन या. लोक नको म्हणले तर भोंगा बंद, नुसतं मोबाईलवर टाकायचं."

बोंब! वीस वर्षांच्या कष्टाला बोंब! भिमाजीच्या जिव्हारी लागलं. भोंगा गेला तर आपण काय उरलो? मोबाईलवर मेलेल्या माणसाचे फोटो चिकटवणारा म्हातारा. पण लोक आपल्याच बाजूचे आहेत याची त्याला बालंबाल खात्री होती. घरी येऊन त्यानं लगेच चॅनेलवर पोस्ट टाकली. 'भोंगा चालू राहावा असं वाटत असेल तर बदाम दाबा. बंद करावा असं वाटत असेल तर हात जोडा.' बंद करा म्हणणाऱ्यालाही सभ्यपणानं म्हणता यावं, म्हणून हात जोडायची सोय. स्वतः पहिला लाल बदाम दाबला आणि निवांत झोपला.

सकाळी बघतो तर हात जोडलेले शेकड्यानं, आणि बदाम एक. त्याचा स्वतःचा.

त्या दिवशी भोंग्यातून आवाज निघाला तो दुखवट्याला बसलेल्या माणसासारखा. कोंबड्यांच्या लसीकरणाची घोषणासुद्धा त्यानं अशी केली की दोन बायका कोण गेलं म्हणून बाहेर आल्या. ज्याच्या त्याच्याकडं तो संशयानं बघत होता. हा रामराम करतोय खरा, पण रात्री ह्यानंच दाबलं असणार. कुणी दाबलं हे बघायला पोस्टवर बोट ठेवून ठेवून दमला. नुसते आकडे दिसायचे, नावं नाहीत.

शेवटी रोहिणीला फोन लावला. त्यासाठी मात्र तोंड उघडलं.

"आप्पा, चॅनेलवर नावं दिसत नाहीत कधी. ग्रुपवर दिसतात," रोहिणी म्हणाली. "पण मला सांगा, हात जोडलेलं चित्र तुम्हाला 'बंद करा'लाच सापडलं का? जरा खालच्या पोस्टी बघा तुमच्या."

बघितलं. दशक्रियेला हात जोडलेले. ठीक. रेशनचा गहू आला, त्याला हात जोडलेले. सूर्यभानची म्हैस हरवली, त्यालाही तेवढेच हात जोडलेले, आणि म्हैस सापडली त्यालाही. भिमाजीचा जीव भांड्यात पडला. "म्हंजी वाचलंच न्हाई मेल्यांनी!"

"नाहीतर काय! पोल टाका सरळ. प्रश्न लिहायचा, खाली दोन पर्याय."

पोल टाकला. 'भोंगा हवा.' 'भोंगा नको.' दुपारपर्यंत दोन्हीकडं जवळजवळ सारखीच मतं पडली, आणि ती मतं देणाऱ्या माणसांपेक्षा जास्त भरायला लागली. पुन्हा फोन. रोहिणीनं कपाळावर हात मारला तो इकडं ऐकू आला. एकापेक्षा जास्त उत्तरं चालतील, हे बटण आधीपासून चालूच असतं, ते बंद करायचं राहिलं होतं. मग काय, बोरसळची माणसं! भिमाजीला कशाला दुखवा आणि तक्रार करणाऱ्यालाही कशाला दुखवा? दोन्हीवर टिचकी मारून मोकळी. टाकलेला पोल दुरुस्त करता येत नाही म्हणून तो पुसला, बटण बंद केलं आणि तिसऱ्यांदा विचारलं.

या वेळी मात्र 'भोंगा हवा' सुसाट सुटलं! भिमाजीनं मोबाईल धोतराला पुसून पुन्हा बघितला. आता सुरेखाताईंना दाखवतोच म्हणून पायात वहाणा सरकवतोय, तोच चाकणहून अजिनाथचा फोन.

"तात्या, काळजी करू नका. हितं आमच्या खोलीवरच्या सगळ्या पोरांनी 'हवा'वर दाबलंय. कंपनीच्या बसमधल्यांनी बी दाबलंय. ती बीडची हायती, पर दाबलंय. भोंगा म्हंजी गावची आठवन हो! लई झाक वाटतं."

"आरं, पर तुला कुठं ऐकू येतो त्यो चाकनात?"

"तेच तर! ऐकू येत न्हाई म्हनूनच आठवन येती."

भिमाजीनं पायातल्या वहाणा पुन्हा काढून ठेवल्या. ज्यांच्या कानात भोंगा शिरत नाही त्यांना तो हवा, आणि ज्यांच्या शिरतो त्यातल्या किती जणांनी काय दाबलं, देव जाणे. मनकर्णानं चहा आणून ठेवला. त्यानं सवयीनं अंगठा वर केला. ती क्षणभर त्या अंगठ्याकडं बघत राहिली आणि आत गेली.

शुक्रवार उजाडला. ग्रामसभा संध्याकाळी. भिमाजीनं मनाशी ठरवलं, होऊ दे काय व्हायचं ते. रिक्षा काढली आणि भोंग्यावरूनच पुकारा केला, "बोरसळकर, ह्यो भोंगा ज्याला नको आसंल त्यानं दारात येऊन तोंडावर सांगा! मी राग धरनार न्हाई!" राग धरणार नाही हे त्यानं इतक्या रागानं सांगितलं, की पहिल्या आळीत कुणी बाहेरच येईना.

मग गोरक्ष आला. पेट्रोल पंपावर रात्रपाळी करणारा, डोळे तांबारलेले. तक्रारी करणारा म्होरक्या हाच, हे भिमाजीला ठाऊक होतं.

"बोल, बंद करू?"

"बंद करा कुठं म्हनलो मी? तुमच्या चॅनेलवर मी काहीच दाबलं न्हाई, कारन मला पायजे ते तिथं न्हवतंच! मी सकाळी येऊन आंग टाकतो आनि तुमी बरोबर माझ्या खिडकीत थांबून गर्जता. दहा पावलं पुढं जावा की! मंग काय बोंबलायचं ते बोंबला."

पुढच्या दारात एक लेकुरवाळी उभी. तिचं म्हणणं, सहाऐवजी आठला या, लेकरू तोवर उठलेलं असतं. त्याच्या पुढच्या ओट्यावर म्हातारी काठी आपटत होती. "भिमाजी, तुझं समदं चांगलं हाय रं. पर कुनी गेलं की तू आधी गळा काढतोस, 'अत्यंत दुःखानं कळवन्यात येतं की'... आनि नाव शेवटी! तवर आमचा जीव टांगनीला. आधी नाव सांग, मंग रड किती रडायचं ते."

भिमाजी ऐकतच राहिला. हवा की नको, एवढंच त्यानं विचारलं होतं. इथं प्रत्येकाचं म्हणणं निराळं, आणि त्यातलं एकही बदामात मावणारं नव्हतं, की जोडलेल्या हातात. सुरेखाताईही आपल्या दारात आल्या होत्या. त्या हसून म्हणाल्या, "तात्या, हेच संध्याकाळी सभेत सांगा. आठला, खिडकी सोडून, आनि नाव आधी. काय बंद-बिंद करायचं न्हाई."

स्वर्ग दोन बोटं उरला! शीळ घालत भिमाजीनं रिक्षा घराकडं वळवली. सगळ्यात शेवटचं दार त्याचंच. मनकर्णा उंबऱ्यात उभी होती. गंमत म्हणून तो माईकवरच म्हणाला, "तुमचं काय म्हननं हाय, मनकर्णाबाई? हवा का नको?"

"नको."

त्याला वाटलं थट्टा करतेय. पण तिचे डोळे थट्टेचे नव्हते.

"त्या पयल्या पोस्टीवर लोकांनी सवयीनं हात जोडलं आसतील. मी वाचून जोडलं. साऱ्या गावाचं मरान तुमी सांगता, कुनाची म्हैस कुठं गेली ते सांगता. घरी आलात की अंगठा. वीस वर्सं झाली! भाजी चांगली झाली हुती का नुसती पोटाला पुरली, ते मला अंगठ्यावरनं कळत न्हाई. हात जोडलं की वाटतं, पोट भरलं का माझा कट्टाळा आला? रात्री मी इचार करीत बसती. गावाला तीनतीनदा इचारलंत. मला एकदा बी न्हाई."

घराशी आल्यावर गालात धरायला काढलेली ज्येष्ठमधाची काडी भिमाजीच्या हातातून खाली पडली. घसा खाकरून तो म्हणाला,

"परवाची शेवग्याची आमटी... लई झाक झाली हुती. मी तीनदा घेतली. आनि... तू रोज मी उठायच्या आधी जेष्ठमधाची काडी तासून ठेवतीस, ते मला ठाव हाय. कधी म्हनलो न्हाई. चुकलं माझं."

मागं आळीत कुणीतरी फिसकन हसलं. मग आणखी कुणी. गोरक्ष लांबून ओरडला, "तात्या, आवाज येतोय!" भिमाजीनं खाली बघितलं. माईकचा खटका चालूच. शेवग्याची आमटी मारुतीच्या देवळापर्यंत गेली होती.

मनकर्णानं पदर तोंडाला लावला. "आगं बया! बंद करा की आता तरी भोंगा!"

त्यानं धांदलीत खटका बंद केला. रिक्षातून उतरला, सवयीनं अंगठा वर जायला लागला तो दुसऱ्या हातानं दाबून धरला, आणि चांगलं तोंड उघडून म्हणाला, "मनकर्णे, चहा टाकतीस का? बसू दोघं ओट्यावर."

आत वळता वळता मनकर्णानं नुसता अंगठा वर केला.