उत्तर लॅबमध्येच अडकलं होतं

आमच्या कॉलेजात मुलींच्या होस्टेलचं फाटक संध्याकाळी सातला बंद व्हायचं आणि कॉम्प्युटर लॅब नऊला. मधले दोन तास मुलांचे. यावर आम्ही तीन वर्षं कुरकुरलो, शेवटी विभागप्रमुखांनी होस्टेलला नेटवर्कची लाइन मंजूर केली. खोलीत बसून विभागाच्या सर्व्हरवर काम करा, म्हणाले. लाइन आली, कॉरिडॉरमध्ये खोल्यांच्या तारा जोडणाऱ्या स्विचचा डबा भिंतीला लागला, आणि त्या एका सर्व्हरला सोडून जग सगळं दिसायला लागलं.

शेवटच्या वर्षाची प्रोजेक्टं त्याच सर्व्हरवर होती, परीक्षक सोमवारी येणार होते. शनिवारपर्यंत चाललं नाही तर डबा काढून लायब्ररीला देऊ, मुलींनी दिवसा काय करायचं ते करावं, असा विभागप्रमुखांचा निरोप आला. निरोप ऐकून माझं डोकं फिरलं. दिवसा तास असतात, प्रॅक्टिकलं असतात, मग प्रोजेक्ट करायचं कधी?

नेटवर्क बघणारे सर भला माणूस. परभणीत कुणाच्याही घरचा राउटर बिघडला की त्यांनाच फोन. पण त्यांचं ठरलेलं होतं: दोष होस्टेलच्या लाइनमध्ये. ते सर्व्हरपाशी बसायचे, बाहेरच्या जगाला पिंग करायचे, लगेच उत्तर. लॅबमधल्या मशीनला पिंग करायचे, लगेच उत्तर. मग आमच्याकडे बघून म्हणायचे की सर्व्हर ठणठणीत आहे, तुमचा पिंग इथंपर्यंत जातच नाही. तुमच्या पोरींनी तारेवर कपडे वाळत घातले असतील, हेही एकदा म्हणाले. मी ऐकून घेतलं, पण विसरले नाही.

पिंग म्हणजे दुसऱ्या मशीनला मारलेली साधी हाक. ‘आहेस का?’ विचारायचं, तिकडून ‘आहे’ यायचं. आलं नाही की वेळ संपली, एवढंच पडद्यावर दिसतं. हाक पोचली नाही की पोचूनही उत्तर आलं नाही, हे मशीन सांगत नाही. सर पहिलंच धरून बसले होते. मला दुसऱ्याचा संशय होता, आणि माझा संशय सहसा चुकत नाही, असं माझं तेव्हाही मत होतं.

संशयाला कारण होतं. गुरुवारी संध्याकाळी मी होस्टेलमधून, सर्व्हरच्या शेजारच्याच टेबलावरच्या साध्या लॅब मशीनला पिंग केला होता. उत्तर आलं. म्हणजे होस्टेल ते लॅब वाट जाताना ठीक, येताना ठीक. मग दोष तारेत कसा असेल? हे सरांना सांगितलं तर म्हणाले, योगायोग.

शनिवारी सकाळी मी लॅबमध्ये गेले. खोलीतली मैत्रीण, येलदरीची, होस्टेलमध्ये लॅपटॉप घेऊन बसली. सरांना म्हटलं, पाच मिनिटं सर्व्हरवर येणारं-जाणारं सगळं दिसेल असं करा, चुकले तर डबा मी स्वतः लायब्ररीत नेऊन देते. सर हसले, सर्व्हरवर तशी आज्ञा टाइप केली आणि मला खुर्ची दिली. मी मैत्रिणीला फोन लावला आणि पिंग सुरू कर म्हणाले.

पडद्यावर ओळी यायला लागल्या. तिच्या लॅपटॉपचा पत्ता, पुढे विनंती. परत तोच पत्ता, परत विनंती. हाक पोचत होती. सर खुर्ची ओढून जवळ आले.

उत्तराची ओळ मात्र एकही नव्हती. त्या जागी भलतंच दिसत होतं. आपल्याच लॅबच्या जाळ्यात सर्व्हर ओरडून विचारत होता: हा पत्ता कुणाचा, मला सांगा. पुन्हा पुन्हा तेच. तो मैत्रिणीच्या लॅपटॉपचाच पत्ता होता.

माणूस अंगणात उभा राहून पोरीला हाका मारतोय आणि पोरगी होस्टेलला, असा प्रकार. ती हाक लॅबच्या बाहेर जातच नाही, उत्तर कोण देणार? ज्या दारातून प्रश्न आला त्याच दारातून उत्तर परत जातं असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. उत्तराला आल्या वाटेची आठवण नसते. सर्व्हर पत्त्याकडे बघून नव्यानं ठरवतो: हा आपल्या घरचा असेल तर स्वतः शोधायचा, परका असेल तर लॅबच्या गेटवेकडे, म्हणजे दोन्ही इमारती जोडणाऱ्या मुख्य स्विचकडे सोपवायचा. आमच्या सर्व्हरला होस्टेल घरचंच वाटत होतं.

मी सरांना मास्क दाखवायला सांगितला. पत्त्यातल्या, टिंबांनी तोडलेल्या चार आकड्यांपैकी किती जुळले की घरचा समजायचं, हे मास्क सांगतो. लॅब आणि होस्टेलच्या पत्त्यांचे पहिले दोन आकडे सारखे, तिसरा वेगळा. तेव्हा तीन जुळायला हवेत. सर्व्हरला सांगितलेलं होतं, दोन पुरेत. बाहेरच्या जगाचे दोनही जुळत नाहीत, म्हणून ती उत्तरं गेटवेकडे बिनबोभाट जायची.

मग सरांनीच उलगडलं. आमच्या लॅबची रीत अशी की नवं मशीन आलं की जुन्या मशीनच्या पडद्याचा फोटो काढायचा, तेच आकडे टाकायचे आणि शेवटचा तेवढा बदलायचा. सर्व्हरचे आकडे फोटोवरून हातानं भरलेले, आणि फोटो होता तेव्हाचा, जेव्हा सगळं कॉलेज एकच जाळं होतं. नंतर इमारतीगणिक जाळ्याचे तुकडे पाडले. साध्या मशीनना नवे आकडे आपोआप मिळाले, सर्व्हरला कुणी सांगितलंच नाही. लॅबच्या बाहेरून त्याला कधी कुणी हाक मारली नव्हती.

“सांगायला पायजे होतं मी त्याला,” सर म्हणाले, आणि मास्क बदलला.

फोन चालूच होता. मैत्रीण मघापासून एकच वाचत होती: वेळ संपली, वेळ संपली. मध्येच थांबली.

“आलं गं. लागोपाठ यायलंय. शेवटी त्रेसष्ट लिहिलंय, ते काय हाय?”

ते काय आहे हे मला ठाऊक होतं. सर्व्हर उत्तराला चौसष्ट आकडा देऊन पाठवतो. वाटेत एका जाळ्यातून दुसऱ्यात सोडणारं जे यंत्र लागेल ते त्यातला एक कापतं. एक कापला गेला होता, म्हणजे उत्तर अंगणात हाका मारत न बसता मुख्य स्विचकडून नीट तिच्या जाळ्यात उतरलं होतं. सरांनी विभागप्रमुखांना माझ्यासमोरच फोन केला आणि चूक सर्व्हरवर होती, होस्टेलची लाइन चांगली आहे, असं सांगितलं. कपड्यांचं मी तेव्हा काढलं नाही. नंतर काढलं.

त्या संध्याकाळी सातला फाटकाची कडी लागली. कॉरिडॉरमध्ये सतरंज्या टाकून आम्ही सगळ्या डब्याखाली बसलो. थोड्या वेळानं लॅबमधून वर्गातल्या एका मुलाचा फोन आला. सर्व्हर लय हळू चाललाय म्हणाला, एवढे कोण बसलेत त्याच्यावर?

“आमी हाओत,” मी म्हणाले. “जरा दम धर.”