अर्ध्या मगाची कॉफी

माझ्या मावशीच्या दुकानात कागदी कपातून कॉफी मागितलीत, तर ती आधी विचारते, "कुठे आग लागलीय?" अशी बाई शोधून सापडायची नाही, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगते. पटत नसेल तर राहिलं!

दुकान तिचं आणि काकांचं. काका कॉफीचं बी भाजायचे, चाखायचे. मावशी दळून कॉफी करायची. आजारपणानंतर काकांचे हात थरथरायला लागले. एकदा गिऱ्हाइकांसमोर कॉफी अंगावर सांडली, आणि त्यांनी कपाला हात लावायचंच सोडलं. बी भाजणं मावशीवर पडलं. काका कोपऱ्यात बसून रस्ता बघायचे. "माझी चव गेली," म्हणायचे. चव कुठली जातेय! लाज वाटत होती त्यांना.

मावशीनं कंबर कसली. दुपारी दुकान रिकामं असलं की काकांना समोर बसवून वेगवेगळे कप-पेले धरून बघायला लावायची, आणि लुडबुड करायला मी होतेच.

आधी झाकणाचा कागदी कप. काकांनी पकडला की तो चेपायचा, आणि झाकणामुळे वास येईना. "पुठ्ठा पितोय," काका म्हणाले. काचेच्या ग्लासात चव चोख, रंगही सुरेख. पण धरायला कान नाही, तापलेल्या काचेवर बोटं ठरेनात. साध्या स्टीलच्या पेल्यानं तर ओठच पोळले. मग दुहेरी भिंतीचा पेला. बाहेरून हाताला गार, आतली कॉफी मात्र निवायचं नाव घेईना.

"ही निवेपर्यंत मी म्हातारा होईन."

"झालायत की!" मावशी म्हणाली.

शेवटी चिनी मातीचा जाड मग आणला, चांगली बोटं मावतील एवढ्या कानाचा. सांडू नये म्हणून अर्धाच भरला. काकांनी घोट घेतला, "कोमट," म्हणाले आणि मग सरकवून दिला. मावशीनं कपाळावर हात मारला. गिऱ्हाइकांचे मग ती रोज गरम पाण्यानं तापवते. आणि नवऱ्याच्या वेळी घाईत विसरली! गार, जाड मगानं त्या एवढ्याशा कॉफीची ऊब ओढून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी तिनं तो मग कढत पाण्यानं तापवून, पुसून, अर्धा भरला. उरलेली कॉफी दुहेरी पेल्यात झाकून ठेवली, हवी तशी ओतायला. आणि हे सगळं ऐन गर्दीत! मी तिच्या कानाशी लागले.

"मावशी, त्यांना आत बसू दे ना."

"का? माझ्या नवऱ्यानं चोरी केलीय?"

काकांनी मगाच्या कानात बोटं अडकवली. हातातला मग हलला, कॉफी हिंदकळली, पण काठापर्यंत आली नाही. एक घोट घेतला. पाठोपाठ दुसरा.

"बी करपवलंस," काका मोठ्यानं म्हणाले. "उद्यापासून भाजताना मी शेजारी उभा राहणार."

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, तर मावशीनं त्याला उभा फाडला असता.

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" ती ऐटीत गिऱ्हाइकांकडे वळली. "करपवलंय म्हणे मी!"

तिचे डोळे भरून आले होते. तिनं पेल्याचं झाकण काढलं आणि काकांचा मग पुन्हा अर्धा भरला.