माराच्या आधी

“त्याच्या आधी काय झालं?” आमच्या बाई हा प्रश्न इतक्यांदा विचारत की चहा सांडला तरी शिपाई हेच म्हणायचा.

सत्तरच्या दशकातली ती वर्षं. भिवंडीत निजामपुऱ्यातल्या दवाखान्यात मी नर्स होते. बाई समाजसेविका; मुलांना मारणाऱ्या आईबापांशी बोलायला दर गुरुवारी येत. आलेल्याला खुर्ची देत, स्वतः स्टुलावर बसत. मला हे लाड पटत नसत. अशांना चार शब्द सुनवावेत, असं माझं स्वच्छ मत होतं.

एकदा जवळच्या राहनाळ गावचा, कापडाच्या लूमवरचा एक कामगार आठ वर्षांच्या लेकीला घेऊन आला. त्यानं मारलेल्या काठीनं तिचं मनगट सुजलं होतं. मी पट्टी बांधली आणि त्याला बाईंपुढे बसवलं.

“पोरगी उर्मट हाय. इचारलं तर बोलतच न्हाय.”

“काल काय विचारलंत?”

“पानी भरलं का.”

“त्याच्या आधी?”

“शिफ्टवरून आलेलो. उपाशी व्हतो.”

बाई मुलीकडे वळल्या. ती पुटपुटली, “भरलं, असं सांगितलं मी.”

“काय म्हनते?” बापानं विचारलं.

बाई उठल्या, त्याच्या पाठीमागे गेल्या आणि साध्या आवाजात हाक मारली. तो वळला नाही. लूमच्या खडखडाटानं त्याचे कान गेले होते; समोरून मोठ्यानं बोललेलंच काय ते कळे. मुलगी घाबरली की तिचा आवाज आणखी खाली जाई, आणि त्याला ती गप्प वाटे.

“म्हंजे ती सांगत व्हती?” त्याचा चेहरा उतरला.

“कान दाखवून घ्या,” बाई म्हणाल्या. “पण ती खरंच गप्प बसली असती, तरी मारायचं नव्हतं.”

मग ठरलं. घरी आल्यावर आधी चार घास खायचे, विचारायचं ते नंतर. राग चढला तर बायकोला सांगून दाराबाहेरच्या ओट्यावर जायचं. लेकीनं समोर उभं राहून बोलायचं, त्यानं बसून ऐकायचं. काम राहिलं तर तेच करून घ्यायचं, नीट केलं तर तसं म्हणायचं. बाईंनी तिथंच दोघांकडून ते प्रश्नोत्तर चारदा म्हणवून घेतलं. तिसऱ्या खेपेला कुठं पोरीचा आवाज फुटला.

दोन आठवड्यांनी तो आपण होऊन आला. “परवा हात उचलला, बाई.”

माझ्या जिभेवर शिव्याच आल्या होत्या. बाईंनी विचारलं, “त्याच्या आधी?”

“ओट्यावर गेलोच न्हाय.”

“आणि नंतर?”

“तिला म्हनलं, माझं चुकलं.”

बाईंचे डोळे भरले. माझेही, पण मी कापूस शोधायला उठले. पुढे तो हात पुन्हा उचलल्याचं सांगायला आला नाही. खुशाली सांगायला मात्र येत राहिला.

वर्षभरानं बाईंची बदली झाली. मला फार चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. एका गुरुवारी बापलेक आले. बाई कुठं, त्यानं विचारलं.

“बदली झाली,” मी म्हटलं.

“आं?”

मी पुन्हा सांगणार, तोच पोरगी त्याच्या पुढ्यात उभी राहिली आणि सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल अशी ओरडली, “आप्पा, बाई गेल्या! बदली झाली!”

“बरं गं बाय,” तो खाली बसत म्हणाला, “आयकलं.”